शेतरस्त्याला खडी किती जाड? उत्तर ओल्या मातीत

कोरड्या दिवसांत चिकणमातीच्या वाटेवरून भरलेली ट्रॉली सहज जाते, चाकाचा ठसासुद्धा उमटत नाही. तीच माती पाणी प्यायली की चाक आसापर्यंत रुततं. रस्त्यावर खडीचा थर किती टाकायचा हे ठरवताना मातीची पहिली अवस्था धरायची की दुसरी, यावर सगळं अवलंबून असतं.

रस्त्याचं वजन शेवटी खालच्या मूळ मातीवर, म्हणजे सबग्रेडवर येतं. खडीचं काम चाकाचा दाब पसरवून त्या मातीला झेपेल इतका कमी करण्याचं. म्हणून आधी मातीची ताकद मोजावी लागते. त्यासाठीची सीबीआर चाचणी कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात घडली आणि आज जगभर वापरली जाते. १५० मिमी व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठरावीक ओलाव्यावर ठोकून भरतात आणि वर वजनाच्या चकत्या ठेवतात. मग ५० मिमी व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिमी या वेगाने मातीत दाबतात. दट्ट्या २.५ मिमी आत जायला किती भार लागला ते पाहतात. उत्तम खडीला तेवढ्यासाठी १३७० किलो लागतात, हे मानक. आपल्या मातीला लागलेला भार त्याच्या किती टक्के, तो तिचा सीबीआर. ५ मिमीलाही असंच पाहतात, तिथला मानक भार २०५५ किलो.

या सगळ्यात कळीची पायरी वेगळीच आहे. दट्ट्या लावण्यापूर्वी साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते चाचणीचा निम्मा अर्थ तिथेच निघून जातो.

एक उदाहरण घेऊ. एका चिकणमातीचा नमुना न भिजवता दाबला, तर २.५ मिमीला ११० किलो लागले. ११० भागिले १३७०, म्हणजे सीबीआर ८ टक्के. त्याच मातीचा दुसरा नमुना चार दिवस भिजवला, तर फक्त ४१ किलो लागले, म्हणजे ३ टक्के. ५ मिमीला ५८ किलो, म्हणजे २.८ टक्के. सहसा २.५ मिमीचा आकडा मोठा येतो आणि तोच धरतात. ५ मिमीचा मोठा आला तर चाचणी पुन्हा करावी. पुन्हाही तसंच झालं तर मग तो धरावा.

आता जाडी. सीबीआर १२ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर एक जुनं सूत्र हाताशी आहे:

```
t = √P × √(1.75/CBR − 1/(π·p))
```

यात t ही जाडी सेंमीमध्ये, P हा एका चाकावरचा भार किलोत आणि p हा टायरचा दाब किलो प्रति चौरस सेंमीमध्ये. ट्रॉलीच्या एका चाकावर २००० किलो आणि टायरचा दाब ५ धरू. सीबीआर ८ असेल तर जाडी येते सुमारे १८ सेंमी. सीबीआर ३ असेल तर ३२ सेंमी. माती तीच, ट्रॉलीही तीच, पण कोरड्या नमुन्यावर भरवसा ठेवला तर थर जवळपास अर्ध्यावर येतो. म्हणून ३२ धरायचे. ही जाडी दाबलेल्या थराची आहे. सुटी खडी याहून बरीच जास्त लागते आणि ती एकदम न ओतता तीन थरांत, प्रत्येक थर रोलरने दाबत टाकावी. शिवाय वरची खडी चाकांनी झिजते, बाजूला उडते. त्यासाठी थोडी जाडी वेगळी धरावी, कारण सूत्रात ही झीज नाही आणि फेऱ्यांची संख्याही नाही.

संपूर्ण वाटेवर एकच जाडी हवी असंही नाही. सखल भागात माती वेगळी असते. तिथे डीसीपी नावाचं साधं उपकरण कामी येतं: ८ किलोचा हातोडा ५७५ मिमी उंचीवरून दांड्यावर सोडायचा आणि दर घावाला टोकाचा शंकू किती मिमी आत गेला ते मोजायचं. ढोबळमानाने घावाला २५ मिमी म्हणजे सीबीआर ८ च्या आसपास, ६० मिमी म्हणजे ३ च्या आसपास. हे उपकरण मात्र त्या दिवशीच्या ओलाव्यावरची ताकद सांगतं. म्हणून जमीन सर्वांत ओली असते तेव्हाच ते चालवावं.

पाण्याला वाट मिळाली तर मातीची ताकद टिकते. बाजूच्या चराचा तळ खडीच्या तळापेक्षा खाली हवा. तो वर राहिला तर चरातलं पाणी खडीत शिरून मातीवर साचतं आणि भिजवलेल्या साच्याची स्थिती रस्त्याखाली कायमची तयार होते.

रस्ता वापरात आल्यावर चाकोरी पडलीच तर तिच्या कडा बघा. कडेची जमीन फुगून वर आली असेल आणि खडीच्या फटींत चिखल दिसत असेल, तर खालची माती खचते आहे. अशा वेळी नुसती वर खडी ओतली तर तीही चिखलात जाते. आधी पाणी काढावं, मऊ माती उकरावी आणि मग थर वाढवावा. कडा सपाट असतील आणि फक्त खडी बाजूला सरकली असेल, तर माती ठीक आहे. तेवढा भाग ओढून, पाणी मारून पुन्हा दाबला की पुरे.