पेम्फिगॉइडचा फोड: निदान आणि उपचार कसे घडत गेले

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर टपोरे, घट्ट ताणलेले, पाण्याने भरलेले फोड उठतात आणि त्यांच्याबरोबर रात्रीची झोप उडवणारी खाज असते. अशा वेळी आपल्याकडे घरात पहिला शब्द निघतो तो ‘नागीण’. त्यावर काव लावली जाते, कुणी उष्णतेचे कारण सांगतो, कुणी खाण्यातले काही वर्ज्य करतो. नागीण मात्र शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि खाजेपेक्षा तिची आग व ठणका जास्त असतो. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, पोटावर, दंडांवर सारखेच फोड असतील आणि तक्रार मुख्यतः खाजेची असेल, तर विचार बुलस पेम्फिगॉइड या आजाराचा करावा लागतो. हा संसर्ग नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेतील दोन प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यातून हा आजार होतो.

या आजाराला स्वतःचे नाव मिळायला १९५३ साल उजाडावे लागले. ‘पेम्फिगस’ हा फोडासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला शब्द त्याआधी दीडेकशे वर्षे वैद्यकात रुळला होता आणि मोठे फोड येणारे जवळजवळ सगळेच जुनाट आजार त्याच नावाखाली जमा होत. डॉक्टरांना एक कोडे सुटत नव्हते. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड येण्यापूर्वीच्या त्या काळात पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत, पण त्यांच्यातलेच काही, विशेषतः वृद्ध, वर्षानुवर्षे फोड येत-जात असूनही जगत. बॉस्टनमध्ये काम करणारे वॉल्टर लीव्हर यांनी या दोन गटांच्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक फोडाच्या जागेत सापडला. खऱ्या पेम्फिगसमध्ये त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून फोड त्या थराच्या आतच तयार होतो. दुसऱ्या गटात पेशींची आपापसातली वीण शाबूत असते आणि वरचा थर सबंधच्या सबंध खालच्या थरापासून उचलला जातो. या दुसऱ्या गटाला लीव्हर यांनी पेम्फिगॉइड, म्हणजे पेम्फिगससारखा दिसणारा, असे नाव दिले.

ही फाट कुठे पडते यावरच फोडाचे रूप ठरते, आणि ते उघड्या डोळ्यांनीही कळते. पेम्फिगसच्या फोडाचे छत पातळ, लुळे असते. बोट लागताच ते फुटते, म्हणून रुग्ण येतो तेव्हा अंगावर फोड कमी आणि सोललेल्या ओल्या जखमा जास्त दिसतात, त्यातही तोंडातल्या जखमा बहुधा आधी येतात. पेम्फिगॉइडच्या फोडाचे छत म्हणजे वरच्या थराची पूर्ण जाडी असते. तो बोटाने हलकेच दाबला तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा टणक लागतो आणि दिवसदोन दिवस न फुटता तसाच राहतो. त्याच्या आजूबाजूची त्वचा बोटाने घासली तरी ती सुटून येत नाही. तोंड बहुतेकदा निरोगी असते. भारतात पेम्फिगॉइडपेक्षा पेम्फिगसचेच रुग्ण जास्त दिसतात, त्यामुळे फोड पाहिला की आपल्या डॉक्टरांच्या मनात आधी पेम्फिगस येणे स्वाभाविक आहे. पण दोघांच्या औषधांची मात्रा आणि धोका वेगळा असल्याने वृद्ध रुग्णात ही गफलत महागात पडते.

लीव्हर यांनी फाट दाखवली, पण ती का पडते ते उलगडायला आणखी काही दशके लागली. १९६७ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे जॉर्डन, ब्यूटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेम्फिगॉइडच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे दाखवली, जी वरचा आणि खालचा थर जोडणाऱ्या पातळ पडद्यालाच जाऊन चिकटतात. चमकणारे रंगद्रव्य लावून पाहिले की त्या सांध्यावर हिरवी, सलग रेघ उमटते. पुढे ही प्रतिपिंडे कोणत्या प्रथिनांवर बसतात तेही कळले. त्या प्रथिनांची नावे बुलस पेम्फिगॉइडच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आणि त्यांच्या वजनावरून बीपी १८० आणि बीपी २३० अशी पडली. बीपी १८० हे वरच्या थराला खाली धरून ठेवणाऱ्या खिळ्यासारखे काम करते. १९९३ मध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांच्या कातडीवर फोड उठले, आणि प्रतिपिंड हाच आजाराचा कर्ता आहे, केवळ साक्षीदार नाही, हे सिद्ध झाले. प्रतिपिंड चिकटले की त्या जागी इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातली विकरे तो खिळा कापून टाकतात. या पेशींमुळेच फोडांच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने, नुसती खाज आणि पित्तासारखे लाल चट्टे असतात. निदान सर्वांत जास्त चुकते ते याच काळात.

उदाहरणादाखल आमच्याकडे नेहमी दिसणाऱ्या चित्रातला एक रुग्ण घेऊ: वय ७८, वजन ६० किलो, मधुमेह जुना. तीन महिने खाज आहे. खरूज समजून दोनदा मलम लावून झाले, घरातल्या सगळ्यांनीही लावले, पण फरक नाही. मग पोटावर लाल, उंचवटलेले चट्टे आले आणि आठवड्याभरात मांड्यांवर व हातांवर लिंबाएवढे फोड उठले. रोज दहा-बारा नवे फोड येतात. तोंड स्वच्छ आहे, डोक्यावर किंवा मानेवर फोड नाहीत, वाळलेल्या फोडांच्या जागी खळगे किंवा व्रण राहिलेले नाहीत. एवढ्यावरून पेम्फिगॉइडचा संशय बळकट होतो, पण त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय वर्षभराचे औषध सुरू करू नये.

तुकडे दोन घ्यायचे असतात, आणि ते कुठून घ्यायचे व कशात ठेवायचे याला फार महत्त्व आहे. पहिला तुकडा ताज्या, लहान फोडाच्या कडेचा. तो फॉर्मलिनमध्ये जातो आणि फाट कोणत्या पातळीवर आहे ते दाखवतो. दुसरा तुकडा फोडाचा नव्हे, तर फोडापासून सेंटिमीटरभराच्या आतल्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा. त्याच्यावर ती चमकणारी रेघ शोधायची असते. फोडाच्या आतली प्रतिपिंडे विकरांनी नष्ट झालेली असल्याने तिथला तुकडा खोटे ‘काही नाही’ असे उत्तर देऊ शकतो. हा दुसरा तुकडा चुकून फॉर्मलिनमध्ये पडला तर तपासणी वायाच जाते. तालुक्याच्या गावी घेतलेला तुकडा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत जायचा असेल, तर तो मिशेल यांच्या द्रवात काही दिवस टिकतो. तो द्रव नसेल तर साध्या सलाइनच्या बाटलीत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवला तरी चालतो. ही साधी सोय माहीत नसल्यामुळे तपासणीच न झालेले कितीतरी रुग्ण आम्ही पाहतो, आणि त्याचे वाईट वाटते.

सांध्यावर आयजीजी हे प्रतिपिंड आणि सी३ हे प्रतिकारशक्तीचे प्रथिन यांची सलग रेघ दिसली की निदान जवळजवळ पक्के होते. तरी एक दुर्मीळ आजार हुबेहूब अशीच रेघ दाखवतो, त्यात प्रतिपिंड थोडे खाली बसते. १९८४ पासून यासाठी मिठाच्या पाण्याची युक्ती वापरतात. निरोगी त्वचेचा तुकडा तीव्र मिठाच्या द्रावणात ठेवला की दोन थर अलग होतात. त्यावर रुग्णाचे रक्तद्रव लावायचे. पेम्फिगॉइडमध्ये चमक छताकडे दिसते, त्या दुसऱ्या आजारात तळाकडे. आता बीपी १८० विरुद्धची प्रतिपिंडे रक्तातही मोजता येतात. उपचार थांबवायची वेळ येते तेव्हा हा आकडा उंच असेल तर आजार परतण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्याचा उपयोग निदानानंतरही होतो.

उपचारांच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक वळण. पन्नाशीच्या दशकापासून कॉर्टिसोनच्या गोळ्या आल्या आणि पेम्फिगसमध्ये त्यांनी जीव वाचवले, म्हणून तीच मोठी मात्रा, वजनाच्या किलोला रोज एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, पेम्फिगॉइडलाही दिली जाऊ लागली. फोड थांबत. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला तेवढे स्टेरॉइड महिनोन्‌महिने दिले की साखर चढते, हाडे मोडतात आणि न्यूमोनिया किंवा रक्तातला जंतुसंसर्ग होतो. २००२ मध्ये पास्कल जोली आणि फ्रान्समधील सहकाऱ्यांनी ३४१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना गोळ्या दिल्या होत्या आणि निम्म्यांना फक्त क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचे मलम, दिवसाला ४० ग्रॅम, सर्वांगाला. ज्यांचा आजार पसरलेला होता, त्यांच्यात वर्षअखेर मलमाच्या गटातले ७६ टक्के हयात होते आणि गोळ्यांच्या गटातले ५८ टक्के. मर्यादित आजारात जगण्यात असा फरक दिसला नाही. ज्या गोळीला आपण उपचार म्हणत होतो तीच कित्येक वृद्धांना आजारापेक्षा जास्त घातक ठरत होती, हे त्या आकड्यांनी दाखवले.

हे मलम नुसते फोडांवर नव्हे, चेहरा सोडून सगळ्या अंगाला, दिवसातून दोन वेळांत मिळून लावायचे असते. ३० ग्रॅमच्या ट्यूबा मोजल्या तर महिन्याला ४० ट्यूबा होतात. नवे फोड थांबल्यावर आणखी १५ दिवस तेवढेच, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा आणि शेवटी एकदा असे ते कित्येक महिन्यांत उतरवतात. त्वचा पातळ होते, जांभळे डाग पडतात आणि थोडे औषध रक्तातही जाते, म्हणून साखर तपासत राहावी लागते. खरी अडचण लावणाऱ्या हातांची असते. एकट्या राहणाऱ्या, थरथरत्या हातांच्या माणसाला हे जमत नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. मोठा फोड निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढावे, पण छत कापू नये, कारण तीच जखमेवरची सर्वांत चांगली पट्टी असते.

मलम शक्य नसेल तेव्हा गोळ्या देतात, पण निम्म्या मात्रेत, म्हणजे आपल्या रुग्णाला ३० मिलिग्रॅम, आणि त्याही काही महिन्यांत उतरवत. २०१७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतील अभ्यासात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिवसाला २०० मिलिग्रॅम देऊन पाहिले. सहा आठवड्यांनी फोड आटोक्यात आलेले रुग्ण ७४ टक्के होते, प्रेडनिसोलोनवर ९१ टक्के. मात्र वर्षभरात गंभीर दुष्परिणाम जवळजवळ निम्मेच झाले. साखर हाताबाहेर असलेल्या रुग्णाला हा सौदा परवडतो. २०२५ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला याच आजारासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याची किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

आपल्या ७८ वर्षांच्या रुग्णाची मधुमेहाची चिठ्ठी मात्र अजून पाहायची राहिली. तिच्यात वर्षभरापूर्वी व्हिल्डाग्लिप्टिन सुरू झालेले असते. मधुमेहावरची ग्लिप्टिन गटातील औषधे आणि पेम्फिगॉइड यांचा संबंध अनेक देशांतल्या नोंदींत दिसला आहे, व्हिल्डाग्लिप्टिनचा विशेष. फोड औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही येतात, त्यामुळे रुग्ण किंवा डॉक्टर कुणीच दोन्हींची सांगड घालत नाही. २०१९ च्या अखेरीस भारतात या औषधाचे पेटंट संपले, किंमत घसरली आणि ते गावोगावी पोहोचले. म्हणून वृद्ध मधुमेही माणसाला टणक फोड दिसले, की मलमाच्या चिठ्ठीबरोबर एक फोन मधुमेहाच्या डॉक्टरांना जायला हवा: ही गोळी बदलता येईल का?