खाणकामगाराच्या फिल्मवरचे बारीक ठिपके: सिलिकोसिसची पार्श्वभूमी

राजस्थानच्या करौली-धौलपूर पट्ट्यात वर्षानुवर्षे वालुकाश्म फोडलेल्या कामगाराची छातीची एक्स-रे फिल्म उजेडासमोर धरली, तर अनेकदा दोन्ही फुफ्फुसांत, त्यातही वरच्या भागात, रवा विखुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचे खनिज. तो कोरडा ड्रिल केला की उडणारी सर्वांत बारीक धूळ थेट वायुकोशांत जाते. ती गिळणाऱ्या पेशी मरतात, तिथे व्रणासारख्या गाठी धरतात आणि काम सोडल्यावरही त्या वाढू शकतात. हाच सिलिकोसिस. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ फार थोडा असतो, त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खाणींवरून राजस्थानचा अंदाज बांधता येत नाही.

असे ठिपके मोजायचे कसे, यावर १९३० साली जोहान्सबर्गच्या परिषदेत पहिला आंतरराष्ट्रीय तोडगा निघाला. तिथल्या सोन्याच्या खाणींत भरपाईचे दावे साचले होते, हे विसरता येत नाही. १९५० नंतर ही पद्धत वेळोवेळी सुधारली. आज ठिपक्यांचा आकार आणि दाटी वेगवेगळी नोंदवतात आणि फिल्म प्रमाण फिल्मशी ताडून पाहतात. दीड मिलिमीटरपर्यंतचे गोल ठिपके ‘पी’, तीनपर्यंतचे ‘क्यू’, दहापर्यंतचे ‘आर’.

खरा वाद दाटीच्या आकड्याचा आहे. दाटी शून्य ते तीन अशा पायऱ्यांत मोजतात. वाचणारा दोन अंक लिहितो: पहिला त्याचा निर्णय, दुसरा त्याने गांभीर्याने विचारात घेतलेला पर्याय. ‘०/१’ म्हणजे एक म्हणावे का असे वाटले, पण शून्य ठरवले. ‘१/०’ म्हणजे नेमके उलटे. अनेक पाहण्यांत आजाराची गणना ‘१/०’ पासून सुरू होते. ‘०/१’ आणि ‘१/०’ मिळालेल्या दोन कामगारांच्या फुफ्फुसांत फरक नगण्य असतो, तरी एक रुग्ण ठरतो आणि दुसरा निरोगी. हीच फिल्म दुसऱ्याने वाचली तर आकडा सहज एक पायरी सरकतो, म्हणून एकापेक्षा जास्त वाचकांचा आग्रह धरतात. ही मोजणी मुळात पाहणीसाठी होती, भरपाईची रेषा ओढण्यासाठी नव्हे. राजस्थानात २०१९ च्या धोरणानंतर सरकारी मदत आजाराच्या प्रमाणपत्रावर ठरते, म्हणून हा प्रश्न तिथे जास्त टोचतो.

दुसरा गोंधळ क्षयाचा. रक्तातून सगळीकडे पसरणाऱ्या मिलिअरी क्षयातही बारीक ठिपके असतात, पण तिथे बहुधा ताप असतो, आठवड्यांत वजन उतरते आणि ठिपके वरपासून खालपर्यंत सारखे पसरतात. धुळीचे ठिपके क्षयाच्या औषधांनी हलत नाहीत. सहा महिन्यांच्या उपचारानंतरची फिल्म जशीच्या तशी असेल, तर खाणीतल्या कामाची चौकशी व्हायला हवी. मात्र सिलिकोसिसमुळे क्षयाची शक्यता वाढते, त्यामुळे दोन्ही एकत्र सापडतात आणि थुंकीची तपासणी टाळता येत नाही.

कामाचा पुरावा तर क्वचितच मिळतो, कारण ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव नसते. मग सारा भार फिल्मवर येतो. ती जास्त काळी निघाली तर बारीक ठिपके बुडतात, फिकी निघाली तर नसलेलेही दिसतात. अशा वेळी आकड्यावर वाद घालण्याआधी फिल्म पुन्हा काढावी लागते.