एएफपी 'नॉर्मल', पण चढता

"हिपॅटायटिस बी आहे, पण एएफपी नॉर्मल आहे. मग सोनोग्राफी कशाला?"

कारण यकृतात कॅन्सरची लहान गाठ असूनही एएफपी हा रक्तातला कॅन्सरचा सूचक बऱ्याचदा वाढत नाही. शिवाय नॉर्मलच्या आतही तो चढत असू शकतो. समजा, परभणीकडच्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याचे सहा-सहा महिन्यांचे, एकाच लॅबचे आकडे आहेत 3, 6, 10, 17. लॅबची मर्यादा 20, म्हणून रिपोर्टवर खूण नाही. मला मात्र ही चढण काळजीची वाटते.

आधी रक्तातला यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी बघायचा. तोही वाढला असेल, तर विषाणूने उचल खाल्लेली असू शकते. सूज ओसरली की एएफपीही उतरतो. एसजीपीटी नॉर्मल असताना एएफपी चढत राहिला, तर गाठीचा संशय बळावतो. मग सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी ट्रिपल फेज सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. संभाजीनगरला दाखवायला जाताना जुने रिपोर्टही न्या.