संभाव्य देणी आणि ख्याती (हिशेबांच्या टीपांतील)

संभाव्य देणी म्हणजे जी द्यावी लागतील की नाही हे पुढच्या घटनेवर अवलंबून असते, ती देणी. ‘इंड एएस ३७’ या लेखामानकानुसार पैसे जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर तरतूद करून नफ्यातून रक्कम वजा होते. शक्यता त्याहून कमी, पण अगदीच नगण्य नसेल तर ती रक्कम फक्त टीपेत छापली जाते, ताळेबंदात येत नाही. शक्यता ठरवते कंपनीच. म्हणून हा आकडा वाचणाऱ्याने स्वतः तपासावा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला, रबाळ्याचा एक काल्पनिक व्हॉल्व्ह कारखाना घेऊ. उपकंपन्यांसह मांडलेल्या त्याच्या एकत्रित ताळेबंदात नक्त मूल्य १२० कोटी रुपये. त्यात ४५ कोटींची ख्याती आहे: २५ कोटींची नक्त मालमत्ता असलेली कंपनी ७० कोटींना घेतली, तो फरक. ख्याती विकून कोणाचे देणे फेडता येत नाही, म्हणून ती बाजूला काढली की उरतात ७५ कोटी.

आता टीप पाहा. जीएसटीची वादग्रस्त मागणी १८ कोटी (कर १० कोटी, बाकी व्याज-दंड) आणि एका सहयोगी, म्हणजे हिस्सा असला तरी ताबा नसलेल्या, कंपनीच्या कर्जाला दिलेली ३० कोटींची हमी. एकूण ४८ कोटी. १२० कोटींशी तुलना केली तर ४० टक्के, ७५ कोटींशी केली तर ६४ टक्के.

हमीची जागा नीट पाहावी. हमी उपकंपनीसाठी असती तर तिचे कर्ज एकत्रित ताळेबंदात आधीच आले असते, आणि तीच रक्कम पुन्हा मोजणे चूक ठरले असते. सहयोगी कंपनीचे कर्ज तिथे येत नाही, त्यामुळे हमी मोजावीच लागते. स्वतंत्र आणि एकत्रित हिशेबांतले आकडे एकमेकांत मिसळले की हाच घोळ होतो.

करवादाचा आकडा बहुधा आदेशाच्या तारखेपर्यंतचाच असतो. अपिलासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के, म्हणजे १ कोटी, आधी भरलेले असतात आणि ते ‘सरकारकडील ठेवी’ म्हणून मालमत्तेत बसतात. हरल्यास तेही खर्चात जातात. उरलेल्या ९ कोटींवर १८ टक्क्यांनी वर्षाला सुमारे १.६ कोटींचे व्याज चढत राहते. लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या जोडपत्रात, ‘कॅरो २०२०’ या लेखापरीक्षकांच्या अहवालाविषयीच्या आदेशानुसार, वादग्रस्त कर आणि तो कोणत्या प्राधिकरणापुढे आहे हे द्यावे लागते. ती यादी टीपेशी ताडून पाहावी. रक्कम जुळली नाही तर तरतूद झाली आहे का, तेवढे शोधावे.

ख्यातीची दरवर्षी क्षती-चाचणी होते, म्हणजे तिचे मूल्य घटले आहे का हे तपासले जाते. तिच्या टीपेत पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याचा सवलतीचा दर आणि दीर्घकालीन वाढीचा दर दिलेला असतो. विकत घेतलेल्या कंपनीची विक्री घटत असताना वाढीचा दर मात्र तोच राहिला, तर ४५ कोटींतला काही भाग पुढे नफ्यातून जाईल असे धरून चालावे. एकदा कमी केलेली ख्याती पुन्हा वाढवता येत नाही.