नादकाटा चाचण्या

नादकाटा चाचण्या : रुग्णाजवळ बसून, ठोकल्यावर ठराविक स्वरात वाजणाऱ्या दुभुज नादकाट्याच्या साहाय्याने बहिरेपणा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्याच्या पद्धती. आवाज अंतर्कर्णापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत अडथळा असेल (कानातील मळ, फाटलेला पडदा, मध्यकर्णातील द्रव, जखडलेले रिकीब हे मध्यकर्णातील इवले हाड) तर त्या बहिरेपणाला वहनजन्य म्हणतात. आवाज पोहोचतो, पण अंतर्कर्णातील कॉक्लिया हा ऐकण्याचा अवयव किंवा श्रवणचेता निकामी झाली असेल, तर तो संवेदी-चेताजन्य. पुढे त्याला नुसते चेताजन्य म्हटले आहे. रुग्णाला दोन्हींत सारखेच कमी ऐकू येते आणि कान बंद झाल्याची तक्रारही दोन्हींत तशीच असते. उपचार मात्र अगदी वेगळे असतात. ऑडिओग्रॅम, म्हणजे श्रवणक्षमतेचा आलेख, काढण्याआधी हा फरक ठरवण्यासाठी आज मुख्यतः वेबर आणि रिने या दोन चाचण्या एकत्र वापरल्या जातात. यांतली एकच चाचणी करून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. ते का, हे पुढे आले आहे.

इतिहास : नादकाट्याचा शोध इंग्लंडच्या दरबारातील वादक जॉन शोर यांनी 1711 मध्ये लावला, असे सामान्यतः मानतात. हाडातून आवाज ऐकू येतो हे त्याआधीच माहीत होते. कार्डानो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास दातांत धरलेल्या दांड्यातून आवाज ऐकू येत असल्याचे नोंदवले. पुढे पादुआच्या कापिव्हाची यांनी लोखंडी दांडा दात आणि तंतुवाद्य यांच्यामध्ये धरून बहिरेपणाचे दोन प्रकार वेगळे करण्याची कल्पना मांडली. आजच्या चाचण्यांचे तत्त्व त्यात बीजरूपाने आहे, पण थेट परंपरा तिथपर्यंत नेता येत नाही.

वेबर चाचणीचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद आहेत. कान बोटाने बंद केला की डोक्यावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज त्याच कानात मोठा वाटतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1827 मध्ये आणि लाइपझिगचे अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी 1834 मध्ये नोंदवले. पण दोघांच्याही नोंदी निरोगी कानाबद्दलच्या होत्या. रोगनिदान हा त्यांचा हेतू दिसत नाही. रुग्णांवर या निरीक्षणाचा पद्धतशीर उपयोग ड्रेस्डेनचे एडुआर्ड श्माल्ट्स यांनी 1840 नंतरच्या दशकात केला. त्यामुळे चाचणी म्हणून तिचे श्रेय श्माल्ट्स यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते, तरी नाव वेबर यांचेच रूढ झाले आहे. हाइनरिख अॅडॉल्फ रिने यांचा निबंध 1855 चा. त्यात नादकाटा दातांवर टेकवला होता असे दिसते; कानामागच्या हाडावर टेकवण्याची रीत नंतरची. हा निबंध बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला आणि बर्लिनचे ऑगस्ट लुकाए यांच्यामुळे तो पुढे आला.

साधन व ते वापरण्याची रीत : 512 हर्ट्झचा काटा सर्वांत सोयीचा. 256 हर्ट्झच्या काट्याची थरथर हाडाला जाणवते आणि रुग्ण ती स्पर्शाची जाणीवच ‘ऐकू येते’ म्हणून सांगतो. 1024 हर्ट्झचा नाद लवकर विरतो. भुजेच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, आपल्या कोपरावर किंवा रबरी पट्टीवर, बेताने ठोकावे. टेबलाच्या कडेवर किंवा धातूवर आपटल्यास मूळ स्वराच्या सहापटीहून थोड्या जास्त कंप्रतेचा कर्कश उपस्वर उमटतो आणि रुग्ण तोच ऐकून उत्तर देतो. ठोकल्यावर टिणटिण आवाज आला, तर काटा हाताने थांबवून पुन्हा ठोकावा.

दोन्ही भुजा एकाच वेळी एकमेकींपासून दूर जातात व जवळ येतात आणि त्या लयीत दांडा लांबीच्या दिशेने किंचित वरखाली होतो. हाडावर दांड्याचा तळ टेकवतात तो यासाठी. हवेतून ऐकवताना भुजांची टोके कानाच्या भोकासमोर साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर अंतरावर, दोन्ही भुजा आणि कर्णनलिका एका रेषेत येतील अशी धरावी. काटा स्वतःभोवती फिरवला, तर एका फेऱ्यात चार ठिकाणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो, कारण तिथे भुजांच्या लहरी एकमेकींना मारतात. स्वतःच्या कानाजवळ काटा फिरवून हे लगेच तपासता येते. तिरका धरलेला काटा निरोगी कानालाही मंद वाटतो, आणि मग नसलेला वहनदोष दिसू लागतो.

हाडावर टेकवताना तळ कानामागच्या सपाट भागावर, कर्णनलिकेच्या पातळीवर ठेवावा. मधले केस बाजूला सारावेत आणि तळ कानाच्या पाळीला लागू देऊ नये. दाब पुरेसा हवा, म्हणून दुसऱ्या हाताने डोक्याला विरुद्ध बाजूने आधार द्यावा. हलका टेकवलेला काटा हाडाचा आवाज कमी दाखवतो आणि त्यामुळे खरा वहनदोष निसटतो.

रिने चाचणी : आवाज कानामागे मोठा वाटतो की कानासमोर, एवढेच विचारायचे. जुन्या रीतीत हाडावरचा आवाज संपेपर्यंत थांबून मग काटा कानासमोर आणतात. लगोलग दोन्ही जागी ठेवून तुलना करणे जलद होते आणि रुग्णालाही सोपे जाते. निरोगी कानात आणि चेताजन्य बहिरेपणातही कानासमोरचा आवाज मोठा वाटतो. याला रिने धन आहे असे म्हणतात. कानामागचा मोठा वाटला तर रिने ऋण, आणि वहनदोषाचा संशय. येथे ‘धन’ म्हणजे नेहमीसारखा असल्याने नोंदीत गोंधळ होतो. त्यापेक्षा ‘हवा > हाड’ किंवा ‘हाड > हवा’ असे लिहिणे बरे.

उत्तर उलटण्याचा बिंदू मुख्यतः साधनावर अवलंबून असतो. निरोगी माणसालाही काटा हाडापेक्षा हवेतून किती मोठा ऐकू येतो, ते काट्याच्या कंप्रतेवर आणि दाबावर ठरते. वहनदोष त्याहून मोठा झाला की उत्तर उलटते. पाठ्यपुस्तकांत हे अंतर 256, 512 आणि 1024 हर्ट्झसाठी सुमारे 15, 30 आणि 45 डेसिबल असे देतात. हे आकडे ढोबळ समजावेत. प्रत्यक्षात 512 चा काटा 20 डेसिबलपेक्षा कमी वहनदोष बहुधा सोडून देतो. म्हणजे रिने धन आला म्हणून मध्यकर्ण निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. मध्यकर्णात थोडा द्रव असलेले मूल रिनेत सुटू शकते.

वेबर चाचणी : काटा कपाळाच्या मध्यावर, डोक्याच्या वर किंवा वरच्या पुढच्या दातांवर टेकवतात. दातांवर तो सर्वांत ठळक ऐकू येतो. प्रश्न ‘आवाज कुठे येतो?’ असा मोकळा असावा. ‘कोणत्या कानात?’ असे विचारले की पुष्कळ रुग्ण चांगल्या कानाकडे बोट दाखवतात, कारण बिघडलेल्या कानात मोठे ऐकू यावे हे त्यांना विचित्र वाटते. आवाज मध्यभागी येणे हेही उत्तर आहे, हे आधीच सांगावे.

वहनदोषात आवाज बिघडलेल्या कानाकडे जातो, चेताजन्य दोषात चांगल्या कानाकडे. दोन कानांत पाच-दहा डेसिबलचा फरक असला तरी आवाज सरकू शकतो, म्हणून वेबर रिनेपेक्षा संवेदनशील आहे. पण दोन्ही कान सारखेच बिघडले असतील तर तो मध्येच राहतो. जुन्या एकतर्फी चेताजन्य दोषातही तो कधीकधी मध्येच राहतो.

वहनदोषात आवाज बिघडलेल्या कानाकडे का जातो, यावर बराच वाद झाला. त्या कानात खोलीतील गोंगाट पोहोचत नाही म्हणून हाडाचा आवाज उठून दिसतो, ही सर्वांत सोपी उपपत्ती. पण शांत खोलीतही आवाज सरकतो, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. अर्न्स्ट माख यांनी 1860 नंतरच्या दशकात असे मांडले की हाडातून कॉक्लियात आलेल्या ऊर्जेचा काही भाग कर्णनलिकेवाटे बाहेर निसटतो, आणि वाट बंद झाली की तो आतच राहतो. कान बोटाने बंद केल्यावरचा अनुभव या मताशी जुळतो. रिकीब जखडली असताना कर्णनलिका उघडीच असते, तरीही आवाज त्याच बाजूला जातो. तिथे हाडसाखळीच्या बदललेल्या जडत्वाचाही हिशेब धरावा लागतो. टॉनडॉर्फ यांनी 1966 मध्ये हाडवहन हा अनेक घटकांचा मेळ असल्याचे दाखवले, आणि आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

दोन्ही उत्तरे एकत्र वाचणे : उजव्या कानाला काल सकाळपासून अचानक कमी ऐकू येते, कान भरल्यासारखा वाटतो, अशी तक्रार घेऊन एक रुग्ण आला, असे धरू. कानात पाहिल्यावर पडदा स्वच्छ दिसतो. 512 चा काटा उजव्या कानामागे टेकवला की रुग्ण ‘वाजतंय’ म्हणतो. समोर धरला की ‘काही नाही’. डावीकडे समोरचा आवाज मोठा. इथेच थांबले तर उजवा रिने ऋण, म्हणजे वहनदोष, असा निष्कर्ष निघेल.

वेबर केल्यावर आवाज डावीकडे जातो. वहनदोष रिने उलटण्याइतका मोठा असता, तर वेबर उजवीकडे जायला हवा होता. दोन्ही उत्तरे एकत्र बसत नाहीत. उलगडा असा की कवटीतून जाताना आवाज फारसा क्षीण होत नाही, फार तर दहा डेसिबल. उजवीकडे टेकवलेला काटा रुग्णाने डाव्या कॉक्लियाने ऐकला. याला फसवा ऋण रिने म्हणतात. खात्री करण्यासाठी डाव्या कानाचे ट्रॅगस, म्हणजे भोकापुढचा उंचवटा, बोटाने दाबून गोल चोळावे किंवा त्या कानात बाराणी यांची गोंगाट करणारी आवाजपेटी लावावी, आणि उजव्या हाडावर पुन्हा टेकवावे. आता रुग्णाला काहीच ऐकू येत नाही : उजवा कान तीव्र चेताजन्य बहिरा आहे. आधी चोळूनच पाहावे. पेटीचा आवाज इतका मोठा असतो की तोही हाडातून पलीकडे जाऊन तपासायचा कान झाकोळू शकतो. म्हणून तिच्या उत्तरालाही वेबरचा आधार हवा.

या निदानाला घाई असते. अचानक आलेल्या चेताजन्य बहिरेपणात स्टेरॉइड द्यायचे ठरल्यास ते पहिल्या दोन आठवड्यांत, जमेल तितके लवकर देतात. ‘मळ असेल’ म्हणून थेंब देऊन पाठवलेल्या रुग्णाचा हाच काळ वाया जातो. मळ खरोखर दिसत असेल, तरी तो काढून दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात, कारण मळामागे चेताजन्य दोष लपलेला असू शकतो. फोनवरून तक्रार सांगणाऱ्या रुग्णाला तोंड मिटून गुणगुणायला सांगितले तरी वेबरसारखे उत्तर मिळते, पण काट्याइतके ते विश्वसनीय नाही.

अपवाद व मर्यादा : मिश्र बहिरेपणात रिने ऋण आणि वेबर चांगल्या कानाकडे, असे वरच्या उदाहरणासारखेच चित्र दिसू शकते, तिथे मास्किंगसह, म्हणजे दुसरा कान गोंगाटाने झाकून काढलेल्या, ऑडिओग्रॅमला पर्याय नाही. श्वाबाख (1885) आणि बिंग (1891) यांच्या चाचण्या आता क्वचितच करतात. रिकीब जखडणाऱ्या ओटोस्क्लेरोसिस या विकारात शस्त्रक्रियेपूर्वी ऑडिओग्रॅमचा पडताळा म्हणून 512 च्या काट्याने रिने ऋण आहे ना, हे पुष्कळ शल्यविशारद आजही स्वतः पाहतात.

अंतर्कर्णातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड विरळ झाले असेल, तर मध्यकर्ण निर्दोष असूनही रिने ऋण आणि वेबर त्याच बाजूला येऊ शकतो. लॉइड मायनर व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हा विकार वर्णिला. अशा काही रुग्णांना घोट्याच्या हाडावर टेकवलेला काटाही बाधित कानात ऐकू येतो. वहनदोषाचे चित्र आणि सोबत मोठ्या आवाजाने येणारी भोवळ असेल, तर रिकिबीच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी सीटी स्कॅन करून घेतात.