कालवडीच्या कार्डावरची रिकामी चौकट

आमच्या शेजारच्या गोठ्यातली कालवड १२ जानेवारीची. परवा २५ सप्टेंबरला तिचं लसीकरणाचं कार्ड हातात घेतलं. लाळ्या-खुरकूतच्या ओळीत २० मे ही तारीख होती. मालक म्हणाले, "सहा महिन्यांनी द्यायची असते, म्हणजे आता नोव्हेंबरात." हिशेब बरोबर वाटतो, पण कालवडीला तो लागू होत नाही. तिची लस जूनपासून थकलेली आहे.

ही लस निर्जीव केलेल्या विषाणूची असते. तो शरीरात वाढत नाही, म्हणून पहिल्या टोचणीला प्रतिसाद तोकडा येतो. थोडी प्रतिपिंडं तयार होतात आणि काही आठवड्यांत ओसरू लागतात. पण मागे काही स्मृतिपेशी उरतात, त्यांना विषाणूची ओळख पटलेली असते. महिनाभराने तीच लस पुन्हा टोचली की या पेशी भराभर वाढतात. प्रतिपिंडं पहिल्यापेक्षा लवकर, जास्त प्रमाणात आणि अधिक घट्ट चिकटणारी निघतात. ही दुसरी टोचणी म्हणजे बूस्टर. सहा महिन्यांचं चक्र तिच्यानंतर सुरू होतं. पहिली टोचणी चौथ्या महिन्यापर्यंत थांबवतात, कारण लसीकरण झालेल्या आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं त्याआधी लसच निकामी करतात.

म्हणून वासराच्या कार्डावर शेवटची तारीख पाहण्याआधी बूस्टरची चौकट पाहा. इथे ती रिकामी होती. २० जूनच्या आसपास ती भरायला हवी होती.

जंताच्या औषधाची गोष्ट वेगळी. ते त्या दिवशी पोटात असलेल्या जंतांवर चालतं, शरीराला काही शिकवत नाही. वासरू चरायला लागलं की जंत पुन्हा येतात. म्हणून पहिला डोस दहा-पंधरा दिवसांचं असताना, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी देतात. या कार्डावर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आहे आणि पुढे काहीच नाही. वजनही लिहिलेलं नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणून ती नोंद महत्त्वाची. कमी डोसात बरेच जंत जगतात.

तिसरी ओळ ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. आपल्या कालवडीचे आठ महिने १२ सप्टेंबरला भरले. आता नेहमीच्या वेळापत्रकात तिची जागा उरली नाही. लस जिवंत जिवाणूंची असते आणि मोठ्या वयात दिली तर पुढे रक्ततपासणीत आजार की लस हे ओळखणं अवघड होतं.

लस टोचली की गाय आटते, असं मालकांच्या घरी अजूनही म्हणतात. दूध दोन-तीन दिवस थोडं कमी होऊ शकतं, मग पूर्ववत होतं. लाळ्या-खुरकूत झाली तर मात्र तोंडातल्या फोडांमुळे जनावर खात नाही आणि दूध खरंच जातं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी लस टोचली, तिला पहिलीच धरून, आणि बूस्टरच्या चौकटीत पेन्सिलीने २५ ऑक्टोबर लिहिलं.