एकदांडी की माका? फोटोवरून तण ओळखताना

पावसाळा लागला की बागेतल्या तणाचे फोटो येऊ लागतात आणि सोबत प्रश्न असतो, ‘हा माकाच ना?’ गणपतीच्या पत्रीत माका लागतो, केसांच्या तेलालाही लागतो, त्यामुळे तो अंगणातच सापडावा असे प्रत्येकाला वाटते. फोटोत मात्र बऱ्याचदा एकदांडी असते. हिलाच काहीजण दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणतात. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्हींची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि दोन्हींच्या फुलाला कडेने पांढरा रंग असतो. तरीही फोटो नीट असेल तर त्यांच्यातला फरक मिनिटभरात सांगता येतो.

फोटो कसा काढावा

एका फोटोवर भागत नाही, तीन लागतात. पहिला झाडाचा, बुडापासून शेंड्यापर्यंत, उपटण्याआधी. उपटलेले झाड हातात धरून फोटो काढला की ते जमिनीवर पसरले होते की उभे होते, हेच कळत नाही. दुसरा पानांच्या एका जोडीचा, ती खोडाला जिथे चिकटते तो पेरा दिसेल असा. तिसरा फुलाचा, वरून आणि बाजूने. बाजूचा फोटो बहुतेकजण विसरतात, पण देठाची लांबी त्यातच दिसते.

मापासाठी शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा. त्याचा व्यास 27 मिमी असतो. रुपयाचे नाणे नको, कारण चलनात 25, 22 आणि 20 मिमी अशी तिन्ही मापाची आहेत आणि फोटोत त्यातले कोणते आहे हे पाहत बसावे लागते.

फूल धूसर येण्याचे कारण बहुधा एकच: मोबाइल फार जवळ नेलेला असतो. 15 ते 20 सेंमी मागे या, दुप्पट झूम करा आणि पडद्यावर फुलावरच बोट टेकवा. देठ बारीक असल्याने कॅमेरा मागच्या मातीवर नजर लावतो, म्हणून फुलामागे तळहात किंवा पुठ्ठा धरा. दुसरी अडचण उन्हाची. भर उन्हात पांढऱ्या पाकळ्या फोटोत नुसत्या पांढऱ्या डागासारख्या येतात आणि त्यांच्या टोकाचे दाते पुसले जातात. सकाळी फूल उमलल्यावर त्यावर स्वतःची सावली पाडून फोटो काढावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे दाबले जातात.

आधी फूल, मग पान

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरे तर अनेक बारीक फुलांचे डोके असते. मध्यभागी नळीसारखी फुले दाटीने बसलेली असतात आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र फूल असते. कडेच्या या पाकळ्या मोजल्या की निम्मे काम होते.

एकदांडीला त्या मोजक्याच असतात, साधारण पाच, कधी तीन किंवा सहा. दुधाळ पांढऱ्या ते फिकट पिवळसर, रुंद आणि टोकाला तीन दाते असलेल्या. मधला भाग पिवळा. माक्याला कडेने कितीतरी पांढरे धागे दिसतात. ते इतके अरुंद असतात की मोजताना नजर घसरते. मधला भागही पांढुरकाच, पिवळाजर्द कधीच नाही.

त्यानंतर देठ. एकदांडीचे डोके पानांच्या बरेच वर, 10 ते 30 सेंमी लांब, उघड्या, केसाळ दांडीवर एकटे असते. माक्याची फुले पानाच्या बगलेतून आखूड देठावर एकेकटी किंवा दोन-दोन निघतात आणि पानांतच राहतात. मापाचे नाणे ठेवायचे राहिले तरी प्रमाण पाहता येते: दांडी डोक्याच्या रुंदीच्या दहापट किंवा जास्त असेल तर तो माका नव्हे.

फूल झडून गेले असेल तर आम्ही बी पाहतो. एकदांडीच्या प्रत्येक बीला पिसासारख्या केसांचा झुबका असतो, म्हणून वाळलेले डोके कापसाच्या बोंडासारखे फुलते. माक्याच्या बीला तसा झुबका नसतो. त्याचे डोके हिरवट, खडबडीत चकतीसारखे राहते.

पान आम्ही शेवटी धरतो, कारण ते फसवते. एकदांडीचे पान 3 ते 6 सेंमी, केसाळ, आखूड देठाचे आणि कडेला ओबडधोबड, खोल कातरलेले असते. पण सावलीतल्या, भरपूर पाणी मिळालेल्या कुंडीत ही कातर उथळ होते आणि पान माक्याकडे झुकू लागते. माक्याचे पान लांबट, भाल्यासारखे, जवळपास बिनदेठाचे, कडेला बारीक दाते असलेले. शंका असेल तर पान चुरगाळून पाहा. माक्याचा रस थोड्या वेळात काळपट होतो.

एक उदाहरण

समजा, लॉनच्या कडेचा फोटो आला. खोड जमिनीलगत पसरलेले, शेंडा तेवढा वर उचललेला. पानांची कड जेमतेम कातरलेली, म्हणून ग्राहक म्हणतो माका. फुलाच्या फोटोत पाच पाकळ्या मोजता येतात, त्यांतल्या दोघींच्या टोकाला तीन दाते स्पष्ट आहेत. नाण्याच्या मापाने डोके साधारण 13 मिमी आणि दांडी 18 सेंमी, म्हणजे जवळजवळ चौदापट. पाने काहीही म्हणोत, ही एकदांडीच. लॉन नियमित कापले जात असेल तर दांडी आखूड सापडेल. तेव्हा पाकळ्यांवर भर द्यावा.

जागाही थोडी साक्ष देते. एकदांडी मुरमाड, कोरड्या जागी आणि भिंतीच्या फटीत तग धरते. माका पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत, सतत ओल असलेल्या जागी येतो. कोरड्या गच्चीवरच्या कुंडीत तो आला, तर तळाचे भोक बुजून पाणी साचते आहे का ते पाहा.

काढताना

एकदांडीचे पसरलेले खोड जमिनीला टेकते तिथे पेऱ्यांना मुळे फुटतात. वरून ओढले की खोड तुटते आणि मागे राहिलेला प्रत्येक मुळासकटचा पेरा पुन्हा झाड होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी खुरप्याने शेंड्याकडून बुडाकडे जात एकेक पेरा सोडवा. डोकी फुलून कापसासारखी होण्याआधीच खुडून पिशवीत भरा. नुसती बाजूला टाकली तर बी पिकून वाऱ्यावर जाते. ओली खोडे खतकुंडीत टाकू नका, दोन-तीन दिवस फरशीवर उन्हात पूर्ण वाळू द्या.

फक्त पानांचा किंवा कोवळ्या रोपाचा फोटो असेल तर आम्ही नाव सांगत नाही, फूल येईपर्यंत थांबायला सांगतो. तोवर ते रोप तेलात घालू नये. आणि पाने गाजरासारखी बारीक चिरलेली असतील तर ते गाजर गवत असू शकते. त्याने अंगाला खाज आणि पुरळ येते, त्यामुळे हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका.